16:9च्या नादात घड्याळाचं अंडं

"सगळे फोटो फोनच्या 0.5 वाइड लेन्सवर आणि 16:9 मध्येच काढा. हल्ली सगळे स्क्रीन 16:9 आहेत. एकच फोटो लिस्टिंगलाही चालतो, क्लायंटच्या बोर्डलाही चालतो."

हा फॉरवर्ड ग्रुपवर फिरत होता तोवर मी गप्प होतो. पण माझ्या भाच्याने तो खरा मानला. सांगलीत विश्रामबागेतल्या एका फ्लॅटचे फोटो त्याने असे काढले, एजंटला लिस्टिंगसाठी दिले आणि तेच घेणाऱ्या कुटुंबाच्या इंटिरियर बोर्डवर डकवले.

अहो, बोर्ड म्हणजे स्क्रीन नव्हे, कागद आहे. ए मालिकेच्या कागदाचं प्रमाण आयएसओ 216 ने 1:1.414 असं ठरवलंय. म्हणूनच ए-टू मधोमध दुमडला की त्याच प्रमाणाचा ए-थ्री मिळतो. भाच्याचा बोर्ड आडवा ए-टू, 594 बाय 420 मिलिमीटर. त्यावर 16:9चा फोटो रुंदीभर लावला की उंची होते 334, खाली 86ची पट्टी उरते. खरं तर तिथे लॅमिनेट, रंग, मापं लिहायची. भाच्याला ती मोकळी पट्टी खुपली. त्याने फोटो खाली ओढून कागद भरला, म्हणजे उंची सव्वापट. भिंतीवरचं गोल घड्याळ उभं अंडं झालं. क्लायंटच्या आईने पहिलं बोट तिथंच ठेवलं, "हे घड्याळ असलंच येणार काय ओ?"

ताणण्याऐवजी कापला असता तरी उपयोग नव्हता. 420 उंची भरायची तर फोटो 747 रुंद होतो आणि 153 मिलिमीटर कापावे लागतात. त्यात टीव्ही युनिटची जागाच जात होती. बोर्डवर कुठल्या आकाराची जागा आहे ते आधी आखायचं, मग फोटो काढायचा. सात फुटी वॉर्डरोब असेल तर उभी चौकट, फोन भिंतीसमोर सरळ, जमिनीपासून साडेतीन फूट उंचीवर. फोन वर-खाली कलला की कडा तिरप्या झाल्याच.

लिस्टिंगचं गणित निराळं. 0.5 कडेच्या वस्तू ताणतं, त्यामुळे दहा बाय अकराची बेडरूम हॉलसारखी दिसते. बघायला येणाऱ्याचा चेहरा दारातच उतरतो. बाथरूममध्ये मागे सरकायला जागाच नसते, तिथे वापरा. बाकी खोल्या दारातून, 4:3 मध्ये, दोन भिंती, खिडकी आणि फरशी दिसेल अशा काढा. साइट छोटं चित्र बहुधा मधलाच भाग ठेवून कापते, म्हणून कडेला थोडी मोकळीक हवी.

क्लायंटला टीव्हीवर दाखवायचं असेल तर 16:9 बरोबर. एवढं मान्य.

भाच्याला म्हटलं, मूळ 4:3 फोटो दे, बोर्ड नव्याने लावू. नव्हतेच. 4000 बाय 3000चा फोटो 16:9 मध्ये काढला की 4000 बाय 2250 उरतो. वरचं छत आणि खालची फरशी फोनने साठवलीच नव्हती. रविवारी किल्ली मागून परत गेला.