ग्रॅम स्टेनिंग घड्याळाकडे बघून होत नाही

«ग्रॅम स्टेनिंगचा पक्का फॉर्म्युला : क्रिस्टल व्हायोलेट १ मिनिट, आयोडीन १ मिनिट, अल्कोहोल ३० सेकंद, सॅफ्रॅनिन १ मिनिट. वेळ पाळली की उत्तर चुकत नाही. जांभळा म्हणजे पॉझिटिव्ह, गुलाबी म्हणजे निगेटिव्ह. शंका आली तर मॅकॉन्की बघा, वाढ नाही म्हणजे पॉझिटिव्हच.» (डीएमएलटीच्या विद्यार्थ्यांमध्ये प्रात्यक्षिक परीक्षेआधी फिरणारा संदेश)

या चार वेळांपैकी तीन थोड्या इकडेतिकडे झाल्या तरी चालते. खरी अडचण अल्कोहोलची आहे. क्रिस्टल व्हायोलेट आणि आयोडीन यांची जोडी दोन्ही गटांच्या जिवाणूंमध्ये बसते आणि तोपर्यंत स्लाइडवरचे सगळेच जिवाणू जांभळे असतात. अल्कोहोल पडले की ग्रॅम पॉझिटिव्ह जिवाणूंच्या जाड भिंतीतले पाणी निघून भिंत आवळते आणि रंग आत अडकतो, तर ग्रॅम निगेटिव्हचे बाहेरचे चरबीयुक्त आवरण विरघळून रंग बाहेर पडतो. पण हा फरक थोडाच वेळ टिकतो. अल्कोहोल जास्त वेळ राहिले, तर पॉझिटिव्ह जिवाणूही रंग सोडू लागतात. शिवाय ९५ टक्के अल्कोहोलला जेवढा वेळ लागतो, त्याच्या अंशभर वेळात, अगदी दोन-तीन सेकंदांत, ॲसिटोन मिसळलेले द्रावण काम उरकते, आणि बाटलीत यातले काय आहे हे संदेश विचारत नाही. म्हणून स्लाइड तिरकी धरावी, द्रावण थेंब थेंब सोडावे आणि खाली ओघळणारा थेंब जांभळा येईनासा झाला की त्याच क्षणी पाण्याने धुवावे. स्मिअर जाड असेल तर ही खूणही फसवते, कारण जाड भागातून रंग नीट सुटत नाही आणि तिथले निगेटिव्ह जिवाणू जांभळेच राहतात.

मुंबईतल्या जुलैची एक अडचण याला जोडून येते. दमट हवेत स्मिअर लवकर वाळत नाही, विद्यार्थी कंटाळतो आणि ओलीच स्लाइड ज्योतीवरून फिरवतो. मग जिवाणू शिजतात, भिंती फाटतात, रंग हवा तसा धरला जात नाही. आधी स्लाइड पूर्ण वाळू द्यावी. मग स्लाइड हाताच्या पाठीला सोसेल इतकीच गरम करावी.

गुलाबी म्हणजे निगेटिव्ह, या वाक्यावर थोडे थांबायला हवे. आमच्या वर्गातल्या एका मुलीने पुवाच्या नमुन्यातून ब्लड अगारवर आलेल्या कॉलनीचा स्मिअर केला. एकाच फील्डमध्ये द्राक्षांच्या घडासारखे गोल जिवाणू होते, काही जांभळे, काही गुलाबी, आणि तिने "मिश्र वाढ" असे लिहिले. आकार आणि मांडणी दोन्ही रंगांत हुबेहूब एक होती, म्हणून मला शंका आली. प्लेट शुक्रवारची होती आणि स्मिअर सोमवारी केला होता. जुन्या कल्चरमधले पॉझिटिव्ह जिवाणू मरू लागतात, त्यांची भिंत ढिली पडते आणि रंग सुटतो. तिने लूप लालबुंद करून अगारच्या रिकाम्या कडेला गार केला (गरम लूप कॉलनीला लावला की ती चरचरते आणि जिवाणू मरतात), दर टप्प्याला लूप पुन्हा जाळत नवी प्लेट रेघली, आणि दुसऱ्या दिवशी, २४ तासांच्या आत, स्मिअर केला. या वेळी त्याच स्लाइडच्या एका टोकाला स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि दुसऱ्या टोकाला ई. कोलाय हे ओळखीचे जिवाणूही लावले. ई. कोलाय गुलाबी आला, स्टॅफिलोकोकस जांभळा आला आणि मधला स्मिअर सगळा जांभळा होता. प्लेटवर कॉलनीही एकाच प्रकारच्या होत्या. मिश्र वाढ नव्हतीच.

थेट पुवाचा किंवा थुंकीचा स्मिअर असेल, तर वेगळ्या कंट्रोलशिवायही एक खूण मिळते: पांढऱ्या पेशींचे केंद्रक गुलाबी दिसायला हवे. ते जांभळे राहिले असेल, तर रंग पुरेसा काढलेला नाही आणि त्या स्लाइडवरचे "पॉझिटिव्ह" मी तरी मान्य करत नाही.

मॅकॉन्की या वाढमाध्यमावरून काढलेला संदेशातला निष्कर्ष मात्र सरळ चुकीचा आहे. त्यातले पित्तक्षार आणि क्रिस्टल व्हायोलेट बहुतेक पॉझिटिव्ह जिवाणूंना रोखतात, हे खरे. पण निसेरिया आणि हिमोफिलस हे निगेटिव्ह असूनही तिथे वाढत नाहीत, आणि एन्टेरोकोकस पॉझिटिव्ह असूनही कधी कधी बारीक कॉलनी देतो. शंका उरलीच, तर स्लाइडवर ३ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब घेऊन त्यात ताजी कॉलनी लूपने घोटावी आणि मिनिटभर लूप हळूहळू वर उचलत राहावा. निगेटिव्ह जिवाणूंची भिंत फुटून डीएनए बाहेर येतो आणि लूपमागे चिकट तार उठते. पॉझिटिव्ह असेल तर थेंब पाण्यासारखाच राहतो. त्या मुलीच्या कॉलनीतून तार उठली नाही.