आजोबांची गोळी आणि नातीचं सिरप

“आमच्या घरातलंच उदाहरण. आजोबा ७० किलोचे, फिट येतात म्हणून दिवसाला १००० मिलिग्रॅम. नात १२ किलोची, तिला त्याच औषधाचे ४८० मिलिग्रॅम! किलोमागे जवळजवळ तिप्पट. मोठ्यांचा डोस वजनाने भागा, त्यापेक्षा जास्त लिहिला असेल तर तो ओव्हरडोस. लहानांची किडनी नाजूक असते. छिंदवाडा विसरू नका. डोस अर्धा करा आणि हे पुढे पाठवा.”

मी इंदूरला मुलांच्या एका दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर बसतो. पंधरा दिवसांत हा मेसेज मला चार जणांनी दाखवला. त्यातला भागाकार बरोबर आहे. आजोबांना किलोमागे १४ मिलिग्रॅम, नातीला ४०. औषध बहुतेक लेव्हेटिरॅसिटॅम असावं. हे आकडे त्याच्याशी जुळतात, आणि आमच्या खिडकीवरून फिटसाठी तेच सगळ्यात जास्त जातं. त्या वयाला ते किलोमागे रोज २० पासून सुरू करतात आणि गरजेप्रमाणे पायरीपायरीने ५० पर्यंत नेतात. म्हणजे ४० हा नेहमीचा डोस झाला.

वजनाने भागणं चुकतं ते इथे. रक्तात औषध किती राहणार हे ठरतं शरीर ते किती वेगाने बाहेर टाकतं त्यावर, आणि तो वेग वजनाच्या प्रमाणात चालत नाही. तो शरीराच्या पृष्ठभागाच्या जास्त जवळ जातो. नात वजनाने आजोबांच्या सहाव्या हिश्शाची आहे, पण दोघांची कातडी मोजली तर तिची जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतकी भरेल. मोठा बटाटा आणि चिमुकला बटाटा एकाच कुकरमधून काढा, चिमुकला आधी गार होतो, तसलाच हिशोब. नातीच्या अंगाच्या मानाने तिची किडनी आणि लिव्हरही मोठ्या माणसापेक्षा मोठी असते. लेव्हेटिरॅसिटॅम तर दोनतृतीयांश जसंच्या तसं लघवीतून जातं, त्यामुळे इथे किडनीचंच राज्य. लहान मुलात दर मिनिटाला किलोमागे साधारण दीड मिलिलिटर रक्त या औषधापासून साफ होतं, तरण्या माणसात एकाच्या आतबाहेर.

हा फरक झाला दीडपट. मग मेसेजात तिप्पट कुठून आली? आजोबांमुळे. साठीनंतर किडनी मंदावते आणि हे औषध बाहेर टाकण्याचा वेग सरासरी तिसऱ्या हिश्शाहून अधिक घटतो, म्हणून त्यांचा डोस मुद्दाम कमी ठेवतात. शिवाय दिवसाला १००० हा मोठ्यांचा सुरुवातीचा डोस आहे. तरण्या माणसाला तो ३००० पर्यंत जाऊ शकतो, आणि ७० किलोला भागलं तर तेही किलोमागे ४० च्या वरच पडतं. तुलना करणाऱ्याने एका टोकाला सगळ्यात मंद किडनी धरली आणि दुसऱ्या टोकाला सगळ्यात चपळ.

किडनी नाजूक असण्याचं म्हणाल तर ते नवजात बाळाला लागू आहे. जन्मतः किडनीची गाळण्याची ताकद खरंच थोडी असते, आणि तिथे कित्येक औषधांच्या दोन डोसांत अंतर वाढवावं लागतं. पण दीड-दोन वर्षांपर्यंत ती पूर्ण तयारीला येते, आणि मग पुढची काही वर्षं किलोमागे मोठ्यांपेक्षाही जोरात चालते. पंधरा दिवसांचं बाळ आणि दोन वर्षांचं पोर ‘लहान’ या एकाच शब्दात कोंबल्याने सगळा घोळ होतो.

पाण्याची गोष्ट याच्या जोडीची, पण वेगळी. हे औषध शरीरातल्या सगळ्या पाण्यात पसरतं. लहान मुलाच्या वजनात पाण्याचा वाटा म्हाताऱ्या माणसापेक्षा जास्त, तेव्हा तेवढाच किलोमागचा डोस मुलात थोडा जास्त पातळ होतो. थोडाच. लेव्हेटिरॅसिटॅमच्या बाबतीत पाणी दुय्यम आहे. जेन्टामायसिन या अँटिबायोटिकच्या इंजेक्शनला मात्र ते महत्त्वाचं, कारण ते पेशींच्या बाहेरच्या पाण्यातच राहतं आणि हे पाणी वर्षभराच्या बाळात वजनाच्या पाव हिश्शाच्या आसपास असतं, मोठ्यात पाचव्या. म्हणून मुलांना दिवसाला किलोमागे ७ च्या आसपास देतात, मोठ्यांना बहुधा ५. पाण्यावर ठरतं पहिल्या डोसाने पातळी कुठवर चढेल ते. ती पुढे टिकेल की नाही, ते बाहेर टाकण्याच्या वेगावर.

आता अर्धा डोस. मागच्या महिन्यात सव्वादोन वर्षांच्या मुलीची आई खिडकीवर आली. वजन १२ किलो. डोस वाढवत वाढवत ४० वर आणला होता आणि सहा आठवडे एकही फिट नव्हती. सिरप एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅमचं, सकाळी आठला २.४ मिलिलिटर, रात्री आठला २.४. मेसेज वाचून घरात चर्चा झाली, सासूबाई म्हणाल्या कमी करूनच बघू, आणि डोस १.२ वर आला. चौथ्या दिवशी पहाटे सहाला फिट. “काका, इतके दिवस काही नव्हतं हो,” एवढंच ती म्हणत होती.

एका मुलीवरून काही सिद्ध होत नाही, ताप किंवा जागरणही असू शकतं. पण वेळ बघा. या वयात रक्तातलं औषध साधारण सव्वापाच तासांत निम्मं होतं. रात्री आठच्या डोसाने चढलेल्या पातळीचा सकाळी आठला जेमतेम पाचवा हिस्सा उरतो. आजोबांत चाळीस टक्क्यांच्या वर. मुलीत आधीच तळाला जाणारी पातळी आणखी निम्मी केली, तर पहाट हीच सगळ्यात उघडी वेळ. फिटचं औषध एकदम तोडलं की फिट उसळू शकते, ते वेगळंच.

छिंदवाड्याची भीती मला समजते. २०२५ मध्ये तिथे खोकल्याचं सिरप पिऊन मुलं दगावली, त्या बातम्यांनंतर आमच्या खिडकीवर आया प्रत्येक बाटली उलटीसुलटी करून बघायच्या, आणि त्यात गैर काही नव्हतं. पण त्या खोकल्याच्या सिरपात डायइथिलीन ग्लायकॉल हे विष होतं. किलोमागे किती दिलं हा तिथला प्रश्नच नव्हता. विषाचा योग्य डोस नसतो.

मुलांना किलोमागे जास्त हा नियम सगळ्या औषधांचाही नाही. पॅरासिटॅमॉल एका वेळी किलोमागे १० ते १५, लहानांना तेच आणि मोठ्यांनाही जवळपास तेच. जिथे मुलांना किलोमागे जास्त लागतं, तिथेही मूल मोठं होत गेलं की किलोमागचा आकडा पुढे उतरतो आणि एकूण डोस मोठ्यांच्या कमाल डोसाला थांबतो. तेव्हा ‘मुलांना जास्तच लागतं’ असा उलटा मेसेज कृपा करून कोणी काढू नका.

खऱ्या चुका मी बघतो त्या निराळ्याच. २.४ मधला टिंब कोणाला दिसत नाही आणि २४ वाचलं जातं. मिलिग्रॅमचा आकडा मिलिलिटर समजून भरला जातो. पिचकारी हरवते आणि घरातला चमचा येतो. शंका आली तर तीनच गोष्टी घेऊन या: आजचं वजन, बाटलीवरचा ‘एका मिलिलिटरला किती’ हा आकडा, आणि ज्या पिचकारीने देता ती पिचकारी. मूल सारखं झोपेत असेल, चालताना झोकांड्या खात असेल, एकाएकी फार चिडचिडं झालं असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, पण डोस घरी तोडू नका.

त्या मुलीला डॉक्टरांनी पुन्हा २.४ वर आणलं. मी पिचकारीवर त्या रेघेपाशी लाल चिकटपट्टी लावून दिली. पुढच्या वेळी वजन १४ किलो भरलं तर याच २.४ चे किलोमागे ३४ होतील, आणि पट्टी वर सरकवायची की नाही हे तेव्हा डॉक्टर ठरवतील.