तबकडीचा टीव्ही कोणी दाबून टाकला नाही

«1926 मध्ये एका माणसाने भोकांची तबकडी फिरवून टीव्ही बनवला होता. सिनेमाइतके स्वच्छ चित्र, काचेची नळी नाही, घातक किरण नाहीत! मोठ्या कंपन्यांनी हा शोध दाबून टाकला. टेबलफॅनच्या मोटारीवर पत्र्याची तबकडी लावा, घरीच टीव्ही तयार. पुढे पाठवा!»

हा मजकूर आठवीतल्या माझ्या भाच्यापर्यंत पोहोचला आणि विज्ञान प्रदर्शनासाठी तो पत्रा कापायला निघाला, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

साल तेवढे खरे आहे. 26 जानेवारी 1926 रोजी लंडनच्या सोहो भागातील आपल्या प्रयोगशाळेत जॉन लोगी बेअर्ड यांनी रॉयल इन्स्टिट्यूशनच्या सदस्यांना हलत्या चेहऱ्यांचे प्रक्षेपण दाखवले. तबकडीची कल्पना मात्र त्यांची नव्हती. तिच्या पेटंटसाठी पॉल निपकोव्ह यांनी बर्लिनमध्ये 1884 सालीच अर्ज केला होता. चित्र किती स्वच्छ होते, हे ‘द टाइम्स’च्या 28 जानेवारी 1926 च्या अंकात नोंदलेले आहे: ते फिकट आणि बरेचदा पुसट होते. सिनेमाची बरोबरी करणाऱ्यांनी निदान एवढे तरी वाचायला हवे होते.

कंपन्यांच्या कारस्थानाची गोष्ट सर्वांत निराधार आहे, कारण या यंत्राची मर्यादा त्याच्या भूमितीतच होती. बेअर्ड यांच्या 1930 च्या ‘टेलिव्हायझर’ संचात सुमारे 50 सेंटीमीटर व्यासाची तबकडी होती. तिच्या कडेजवळ 30 छिद्रे अशी पाडलेली होती की प्रत्येक छिद्र आधीच्यापेक्षा किंचित केंद्राकडे सरकलेले असे. मागे निऑनचा दिवा असे आणि येणाऱ्या संकेताबरहुकूम त्याचा उजेड कमीजास्त होई. एक छिद्र चौकटीतून खालून वर सरकले की प्रकाशाची एक उभी रेषा उमटे, पुढचे छिद्र तिच्या शेजारची रेषा काढी, आणि एका फेऱ्यात 30 रेषांचे एक चित्र पुरे होई. अशा साडेबारा फेऱ्या दर सेकंदाला होत. चौकटीत एका वेळी एकच छिद्र असावे लागते, त्यामुळे चित्राची उंची दोन छिद्रांमधल्या अंतराहून जास्त असू शकत नाही. छिद्रांच्या वर्तुळाचा परीघ 140 सेंटीमीटरच्या आसपास धरला, तर हे अंतर पाच सेंटीमीटरही भरत नाही. रुंदी तर दोनच सेंटीमीटर होती, म्हणून समोर भिंग लावावे लागे.

आता रेषा वाढवून पाहा. 1936 साली बेअर्ड यांची कंपनी स्वतःच 240 रेषा आणि सेकंदाला 25 चित्रे यांवर आली होती. चित्राची उंची तेवढीच ठेवून आठपट छिद्रे पाडायची, तर तबकडीचा व्यास चार मीटर होतो आणि तिची कड सेकंदाला 300 मीटरहून अधिक वेगाने, म्हणजे जवळजवळ ध्वनीच्या वेगाने, फिरू लागते. असले यंत्र कोणाच्या दिवाणखान्यात ठेवणार? म्हणूनच या 240 रेषांच्या प्रक्षेपणासाठी घरी घेतलेल्या संचांत काचेची कॅथोड किरण नळीच होती.

दुसरी अडचण उजेडाची होती. चित्र टिपणाऱ्या बाजूलाही अशीच तबकडी असे. तिच्यामागच्या प्रकाशसंवेदी घटाला कोणत्याही क्षणी दृश्याचा एकच ठिपका दिसतो आणि बाकी सगळा प्रकाश वाया जातो. मार्कोनी-ईएमआय या प्रतिस्पर्धी कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्यात प्रत्येक ठिपक्यावरचा प्रकाश पुढच्या फेरीपर्यंत विद्युतभाराच्या रूपाने साठत राहतो, त्यामुळे तो साध्या दिवसाच्या उजेडातही चालला. बेअर्ड यांच्या पद्धतीत स्टुडिओतील मोठ्या दृश्यासाठी आधी फिल्मवर चित्रण करून, ती जागच्या जागी धुऊन, सुमारे मिनिटभराने प्रक्षेपित करावी लागे. नोव्हेंबर 1936 पासून बीबीसीने अलेक्झांड्रा पॅलेसमधून दोन्ही पद्धती आलटून पालटून उघडपणे चालवल्या आणि फेब्रुवारी 1937 मध्ये 405 रेषांची इलेक्ट्रॉनिक पद्धत कायम केली. याला दाबून टाकणे म्हणत नाहीत.

किरणांबाबत अर्धे सत्य मान्य करतो: निऑनच्या दिव्यातून क्ष-किरण निघत नाहीत. पण आजच्या सपाट पडद्यांतही ती जुनी नळी नसते, तेव्हा भीती घालण्याचे कारण उरत नाही.

पंख्याची सूचना मात्र धोकादायक आहे. त्या मूळ संचात 50 सेंटीमीटरच्या तबकडीची कड मिनिटाला 750 फेऱ्यांना ताशी सुमारे 70 किलोमीटर वेगाने फिरत असे. टेबलफॅनची मोटार त्याहूनही जोरात फिरते. हाताने कापलेला, तोल न साधलेला पत्रा त्या वेगाने सुटला तर काय होईल हे सांगायला नको. शिवाय वेग प्रक्षेपणाशी तंतोतंत जुळला नाही तर चित्र एका बाजूला घसरत जाते आणि तिरके फाटते. ‘टेलिव्हायझर’मध्ये त्यासाठी 30 दात्यांचे चाक विद्युतचुंबकांमध्ये फिरे आणि चित्राचा संकेतच त्याला लयीत धरून ठेवी, पंख्यात असे काहीही नाही.

भाच्याने आता काळ्या पुठ्ठ्याची छोटी तबकडी, खेळण्यातली बॅटरीची मोटार आणि मागे एक एलईडी घेतला आहे. एलईडी ठरावीक लयीत चालू-बंद केला की तबकडीवर पट्टे दिसतात आणि मोटार जरा मंदावली की तेच पट्टे सरकू लागतात. प्रदर्शनात हेच मांडायचे ठरले आहे.