सातव्या-आठव्या महिन्याच्या बाळाबद्दल खुलासा

“सातव्या महिन्यातलं लेकरू जगते, आठव्यातलं जगत नाही.”

मेळघाटापासून गडचिरोलीपर्यंत ऐकू येणारं हे बोलणं साफ चुकीचं आहे, आणि त्यापायी उपचाराला उशीर होतो याचा राग येतो.

लवकर जन्मलेलं बाळ जगणं हे त्याची फुप्फुसं किती तयार आहेत यावर बरंच ठरतं. गरोदरपणाच्या साधारण 26 आठवड्यांपर्यंत फुप्फुसात श्वासनळ्यांच्या फांद्या फुटतात, त्यांच्याभोवती रक्तवाहिन्या येतात. पुढे 36 आठवड्यांपर्यंत टोकाला पातळ भिंतीच्या पिशव्या बनतात. त्यांना आतून सर्फॅक्टंट या, पिशव्या मिटू न देणाऱ्या द्रव्याचा लेप लागतो. तो बनवणाऱ्या पेशी 24व्या आठवड्याच्या सुमारास दिसू लागतात, पण पुरेसा लेप साधारण 34-35व्या आठवड्यालाच होतो. लेप नसेल तर ओल्या पिशव्या प्रत्येक उच्छ्वासाला मिटतात, ओल्या प्लास्टिकच्या पिशवीसारख्या चिकटतात.

म्हणजे 28 आठवड्यांच्या बाळापेक्षा 33 आठवड्यांच्या बाळाची फुप्फुसं जास्त तयार असतात. आठवा महिना बराच सुरक्षित.

34 आठवड्यांआधी कळा सुरू झाल्या तर लगेच आशाताईंना सांगून दवाखाना गाठा. तिथे आईला डेक्सामेथासोनची इंजेक्शनं देता येतात, 12 तासांच्या अंतराने चार. त्याने बाळाची फुप्फुसं लवकर पिकतात. जन्मल्यावर बाळ कण्हत असेल, बरगड्यांखाली खळगे पडत असतील, तर त्याला ऑक्सिजन आणि नाकातून हलक्या दाबाने हवा देणाऱ्या सीपॅप यंत्राची सोय असलेल्या नवजात कक्षातच न्यावं लागतं.