संत्री वरुडची, बिरुद नागपूरचे

नागपूरला संत्रानगरी का म्हणतात, असा प्रश्न बाहेरगावचा पाहुणा विचारतो तेव्हा आपण सारे सहजपणे सांगतो की इथे संत्री पिकतात. हे उत्तर अपुरे आहे आणि त्यामुळे कुणावर तरी अन्याय होतो, असे माझे मत आहे. नागपूर शहराच्या हद्दीत संत्र्याच्या बागा जवळपास उरलेल्या नाहीत. झाडे आहेत ती काटोल, नरखेड आणि कळमेश्वर या नागपूर जिल्ह्यातल्या तालुक्यांत, आणि त्याहून मोठ्या प्रमाणावर अमरावती जिल्ह्यात, म्हणजे वरुड, मोर्शी, चांदूर बाजार, अचलपूर या पट्ट्यात. माझे आजोळ काटोलकडचे असल्याने हा पट्टा मला लहानपणापासून माहीत आहे. शहराला बिरुद नेमके कसे चिकटते, हे समजून घ्यायला माझ्या मते या संत्र्याइतके चांगले उदाहरण नाही.

संत्र्याचे रोप दुसऱ्या रघुजी भोसल्यांच्या काळात औरंगाबादहून इकडे आले, असे सांगितले जाते. पण राजाने झाड लावल्याने शहराला देशभर नाव मिळत नाही. ते नाव रेल्वेने दिले. १८६७ साली मुंबईकडून येणारा लोहमार्ग नागपूरपर्यंत पोचला, पुढे हावड्याकडचा मार्ग जोडला गेला, त्यानंतर इटारसीमार्गे उत्तरेची वाट झाली, आणि देशाच्या चारही दिशांना जाणाऱ्या गाड्या एकाच स्थानकावर भेटू लागल्या. गावोगावचा माल बैलगाड्यांनी नागपुरात यायचा, आडत्यांकडे विकला जायचा आणि इथूनच कलकत्ता, दिल्ली, मद्रासकडे रवाना व्हायचा. स्थानकाच्या पूर्वेकडच्या भागाला आजही संत्रा मार्केट म्हणतात आणि स्थानकाचे त्या बाजूचे प्रवेशद्वारही त्याच नावाने ओळखले जाते. दिल्लीच्या वा कलकत्त्याच्या व्यापाऱ्याच्या लेखी माल नागपूरहून आला, म्हणून तो नागपूरचा. त्याने वरुड पाहिले नव्हते आणि पाहण्याचे त्याला कारणही नव्हते.

फळाच्या गुणधर्मानेही यात हातभार लावला, असे मला वाटते. आपल्या संत्र्याची साल सैल असते, चाकू न वापरता हाताने सुटते आणि फोडी वेगळ्या होतात, त्यामुळे गाडीत बसल्या बसल्या ते खाता येते. नागपूर स्थानकावर गाडी थांबली की फलाटावर संत्री घ्यायची, ही कित्येक पिढ्यांची रीत होती. शहरात पाऊल न ठेवताही लाखो प्रवाशांना नागपूर ठाऊक झाले ते या फलाटावरून. त्यातही वर्षाला दोन हंगाम होते. आंबिया बहाराचे फळ साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरात येते आणि मृग बहाराचे फेब्रुवारी ते एप्रिलपर्यंत. म्हणजे वर्षातले सहा-सात महिने त्या फलाटावर ही ओळख पुन्हा पुन्हा पक्की होत राहिली. बिरुद टिकायला अशी पुनरावृत्ती लागते. एकदाच घडलेल्या मोठ्या घटनेपेक्षा दर हंगामात हातात येणारी वस्तू गावाचे नाव जास्त काळ सांभाळते.

थोडक्यात, पिकावरून पडलेले बिरुद बहुतेक वेळा शेताला मिळत नाही. जिथून माल बाहेर जातो त्या ठिकाणाला ते मिळते. केळी रावेर-यावलची, पण नाव जळगावचे. हळदीचा मोठा भाग इतर जिल्ह्यांतून आणि परराज्यातूनही येतो, पण बाजारपेठेमुळे नाव सांगलीचे. ही ठरवून केलेली फसवणूक आहे असे मी म्हणत नाही. व्यापाराच्या वाटाच तशा असतात. मात्र त्याचा परिणाम उत्पादकाला भोगावा लागतो, हे आपण नागपूरकरांनी तरी मान्य केले पाहिजे.

संत्र्याची बाग सांभाळणे हे काय काम आहे, ते या बिरुदातून कुणालाच कळत नाही. जंबेरीच्या खुंटावर डोळा भरून कलम तयार होते आणि ते लावल्यावर चांगले उत्पन्न सुरू व्हायला पाच-सहा वर्षे जातात. आंबिया बहार धरायचा तर डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास पाणी तोडून झाडाला ताण द्यावा लागतो. जमीन भारी की हलकी, यावर तो किती दिवसांचा हे ठरते. ताण कमी पडला तर फूल नीट येत नाही, जास्त झाला तर झाड खचते. मृग बहार तर पावसाच्या भरवशावरच. ताण बसायच्या आधीच उन्हाळ्यात अवकाळी पाऊस आला, किंवा ताण दिलेल्या झाडाला जूनमध्ये पाऊस वेळेवर मिळाला नाही, तर तो बहार गेला. त्यात बुंध्यातून डिंक पाझरून झाड वाळवणारा डिंक्या आहे, पानेफांद्या काळ्या करणारी कोळशी आहे आणि ऑगस्ट-सप्टेंबरातली फळगळ आहे. पाण्यासाठी बोअर खोल खोल नेल्याने वरुड तालुक्यातला भूजलसाठा अतिउपशाच्या श्रेणीत गेला. बांगलादेशासारख्या मोठ्या ग्राहक देशाने आयातशुल्क वाढवले की भाव पडतो आणि तो तोटा बागेपर्यंत येऊन थांबतो. संत्रानगरीच्या रस्त्यांवर त्याची झळ कुणाला लागत नाही.

२०१४ साली नागपूर संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट होती. पण मानांकनाचा कायदेशीर फायदा घ्यायचा तर उत्पादकाला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते आणि माल त्या नावाने वेगळा बांधून विकावा लागतो. बाग झाडावरच सौद्याने विकून टाकणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती पेटी उरतच नाही, मग पेटीवरचे नाव तरी कसे उरणार? दरम्यान हिवाळ्यात पंजाबकडचा किन्नू आपल्याच शहरात येतो आणि अनोळखी गिऱ्हाइकाला संत्रे म्हणून विकला जातो. ओळखायला तो अवघड नाही. किन्नूची साल गुळगुळीत, चकचकीत आणि फोडींना घट्ट चिकटलेली असते, बियाही पुष्कळ असतात. आपल्या संत्र्याची साल सैल असते, देठाकडे अनेकदा थोडा उंचवटा असतो आणि दाबल्यावर साल व गर यांच्यामधली पोकळी बोटाला जाणवते. ज्या शहराने संत्र्याचे नाव मिरवायचे, त्या शहरातल्या प्रत्येकाला एवढा फरक कळायला हवा, असा माझा आग्रह आहे.

बिरुद एकदा चिकटले की हलत नाही, हे खरे नाही. हापूसचे पाहा. एके काळी सगळाच आंबा रत्नागिरीचा म्हणून विकला जाई. १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, आणि देवगडच्या बागायतदारांनी आपल्या पेटीवर आपल्या तालुक्याचे नाव इतक्या निष्ठेने लावले की आज मुंबई-पुण्याचा ग्राहक देवगड हापूस म्हणून मागतो. बागायतदाराने पेटी आपल्या हातात ठेवली म्हणून हे घडले. आपल्याकडे वरुडला विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणण्याची पद्धत आहे, पण दूरदेशीच्या उपमेने माल विकला जात नाही. त्यापेक्षा मला महत्त्वाची वाटते ती रेल्वेने केलेली नोंद. नरखेड-बडनेरा मार्गावरच्या वरुडच्या स्थानकाचे नाव ‘वरुड ऑरेंज सिटी’ असे आहे. जे बिरुद रेल्वेमुळे नागपूरला मिळाले, ते रेल्वेच्याच वेळापत्रकात शेवटी बागांच्या गावी पोचले. नागपूरकरांपैकी किती जणांना हे ठाऊक आहे?

आता तळ्यांविषयी, कारण हा सारा विचार माझ्या मनात तिथूनच सुरू झाला. ठाणे तलावांचे शहर, उदयपूर आणि भोपाळ सरोवरांची शहरे. नागपुरातही अंबाझरी, फुटाळा, गांधीसागर म्हणजे आपला जुम्मा तलाव, सोनेगाव, सक्करदरा, नाईक तलाव, लेंडी तलाव, गोरेवाडा एवढी तळी असताना आपल्याला ते नाव का मिळाले नाही? मला याची दोन कारणे दिसतात. पहिले म्हणजे जागा आधीच संत्र्याने घेतली होती, आणि लोक एका शहराची एकच ओळख लक्षात ठेवतात. दुसरे कारण अधिक खोलवरचे आहे. उदयपूरचे पिछोला पाहायला माणसे मुद्दाम जातात, ठाण्याचा मासुंदा स्थानकातून बाहेर पडून थोडे चालले की समोर येतो. आपली तळी मात्र कामाची होती. अंबाझरी आणि पुढे गोरेवाडा शहराला पाणी पुरवत, १८७७ साली सुरू झालेली एम्प्रेस मिल जुम्मा तलावाच्या शेजारी उभी राहिली. पाणी कन्हान आणि पेंचहून येऊ लागले, मिल बंद पडली, आणि तळ्यांचे काम संपल्याबरोबर त्यांच्याकडे पाहणारेही कमी झाले. लेंडी आणि नाईक तलावाचा आज उरलेला आकार पाहिला की मला मनापासून वाईट वाटते. तळ्यांच्या नावाने आपले शहर ओळखले गेले असते तर ती वाचलीच असती असे मी म्हणणार नाही, कारण ठाण्यातलेही अनेक तलाव बुजले. पण विचारणा करणारे लोक नक्कीच जास्त असते. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी ओसंडून आजूबाजूच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या, तेव्हा शहरात एवढे मोठे जुने तळे आहे आणि त्याच्या सांडव्याचे पाणी नाग नदीतून वस्तीमधून जाते, याची आठवण कित्येकांना त्या रात्री झाली.

झिरो माईलबद्दल थोडेच सांगतो. तो स्तंभ देशाचा मध्यबिंदू म्हणून आपण दाखवतो, पण तिथला १९०७ सालचा दगड मुळात सर्वेक्षण खात्याचा उंची मोजण्याचा संदर्भ आहे आणि त्याच्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची नोंदवलेली आहे. वाघांची राजधानी हे तर अगदी अलीकडचे बिरुद. त्यातही संत्र्याचीच रीत दिसते. वाघ पेंच, ताडोबा, उमरेड-कऱ्हांडल्यात, आणि नाव विमानतळ असलेल्या गावाला.

माझे म्हणणे असे आहे की नागपूरने संत्रानगरी हे नाव सोडू नये, पण ते एकट्याने वापरू नये. कळमन्याच्या बाजारातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पेटीवर नागपूर संत्रा या नावाखाली तालुका आणि गाव छापले जावे, आणि पाहुण्यांना देण्यासाठी संत्रा बर्फी घेताना आपणही दुकानदाराला संत्रे कुठल्या बागेचे, हे विचारावे. काटोल, नरखेड, वरुड, मोर्शीकडचे जे वाचक ही पोस्ट वाचत असतील, त्यांनी यंदा आपला माल कुणाच्या नावाने आणि कुठल्या बाजारात विकला गेला ते खाली लिहावे. मला ते खरोखर जाणून घ्यायचे आहे.