पावस ते रत्नागिरी : किलोमीटरला खरे किती पडतात?

आमच्या चहाच्या टपरीसमोरच्या कट्ट्यावर परवा जो वाद झाला, तो दिसायला चाळीस रुपयांचा होता. सुहास पावसहून रत्नागिरीला मोटारसायकलने कामाला जातो. जाऊन-येऊन 40 किलोमीटर, महिन्याला साधारण 1,000. गेल्या वर्षापासून मंगेश रोज त्याच्या मागे बसतो आणि निम्मा खर्च देतो. मंगेशचे म्हणणे असे, की पेट्रोल किलोमीटरला 2 रुपये 10 पैसे पडते, म्हणून त्याचा वाटा दिवसाला 42 रुपये. सुहासने गेल्याच महिन्यात मागचा टायर 2,200 रुपयांना बदलला होता, तेव्हा तो म्हणत होता, की हजार किलोमीटरवर हे 2,200 पसरले तर किलोमीटरला 4 रुपये 30 पैसे झाले.

पूर्वी गॅरेज चालवलेले दिगूकाका म्हणाले, "दोघांचेही आकडे खरे आहेत आणि दोघांचाही हिशेब चुकीचा आहे. टायरचे पैसे एका महिन्यात दिलेस, पण टायर काय एका महिन्यात झिजणार आहे?"

आधी पेट्रोलचाच आकडा तपासावा, असे काकांनी सुचवले. एकदा टाकी भरून ॲव्हरेज काढले तर फसगत होते, कारण गाडी साइड स्टँडवर कलती असली किंवा पंपावरच्या माणसाने नोझल बंद झाल्यावर थोडे अधिक घातले, तर अर्ध्या लिटरचा फरक सहज पडतो. पाच लिटरच्या भरण्यात ती दहा टक्क्यांची चूक झाली. सुहासने मात्र एकाच पंपावर, मेन स्टँडवर गाडी उभी करून, नोझल आपोआप बंद होईपर्यंत पेट्रोल भरल्याच्या नोंदी ठेवल्या होत्या. पहिली टाकी फक्त सुरुवात म्हणून सोडून पुढच्या पाच भरण्यांची बेरीज 24 लिटर आली आणि तेवढ्यात गाडी 1,200 किलोमीटर चालली, म्हणजे लिटरला 50. त्याने दिलेल्या 105 रुपये दराने 2 रुपये 10 पैसे बरोबर ठरले. ही नोंद मंगेश मागे बसलेला असतानाची असल्याने दोघांच्या वजनाचा परिणाम तिच्यात आलेलाच आहे.

मग टायर. जुना टायर किती चालला ते सुहासने लिहून ठेवले नव्हते, आणि इथेच बहुतेकांचे अडते. काकांनी तोडगा काढला तो पुढच्या टायरवर. त्यांनी आगपेटीची काडी मधल्या खाचेत उभी घातली, नखाने खूण केली आणि पट्टीवर मोजले : 4 मिलिमीटर. तो टायर 12,000 किलोमीटरपूर्वी बसवला तेव्हा खाच 6 मिलिमीटर होती, म्हणजे एक मिलिमीटर झिजायला 6,000 किलोमीटर लागले. एक मिलिमीटर उरल्यावर तो उतरवायचा ठरवले, तर वापरता येणारे 5 मिलिमीटर 30,000 किलोमीटरला पुरतील. 1,800 रुपयांना हे 6 पैसे. मागच्या टायरवर वजन आणि इंजिनाची ओढ दोन्ही येतात, त्यामुळे तो लवकर जातो. काकांनी 20,000 धरले, 11 पैसे आले, आणि सहा महिन्यांनी काडी लावून हा अंदाज तपासायचे ठरले. हवा कमी ठेवली तर कडा आधी झिजतात आणि मधली खाच फसवे माप देते, म्हणून काडी तीन ठिकाणी लावायची.

हीच रीत इतर भागांना लागू केली. दर 3,000 किलोमीटरला ऑइल आणि मजुरीसह 900 रुपयांची सर्व्हिसिंग, म्हणजे 30 पैसे. चेन-स्प्रॉकेटचा संच 1,600 रुपयांचा. चेनच्या बाबतीत आमच्याकडे कंजुषी करू नये, असे माझे ठाम मत आहे, कारण पावसाळ्यातला लाल चिखल तिच्यात बसला की ती लवकर ताणते. तरीही वेळच्या वेळी धुऊन तेल दिले तर 20,000 मिळतात, म्हणजे 8 पैसे. ब्रेक शूचे 5 पैसे. सगळे मिळून 2 रुपये 70 पैसे.

"आणि विमा? बॅटरी? खाऱ्या वाऱ्याने सायलेन्सर गंजतो तो?" सुहासने विचारले.

काकांनी हे आकडे बाजूला ठेवले. ही झीज दिवसांनी होते, किलोमीटरनी नव्हे. गाडी अंगणात उभी राहिली तरी विमा भरावा लागतो आणि सायलेन्सर गंजतो. वर्षाला 3,000 रुपये धरले आणि 12,000 किलोमीटरवर पसरले, तर 25 पैसे वाढतात, पण गाडी निम्मीच चालली तर तेच 50 पैसे होतात. गाडीची किंमत उतरते ती याहून मोठी. 95,000 ची गाडी सहा वर्षांनी 35,000 ला गेली, तर 72,000 किलोमीटरवर ते 83 पैसे पडतात. गाडी घ्यावी की नाही हे ठरवताना ते धरलेच पाहिजेत. मात्र मंगेश मागे बसला नसता तरी सुहासने गाडी घेतलीच असती, म्हणून ते त्याच्या वाट्यात येऊ नयेत, हे मला पटले.

मंगेशने 40 किलोमीटरचे 108 रुपये केले, निम्मे 54. बारा रुपयांचा फरक त्याने तिथेच मान्य केला. सुहासने पुढच्या टायरचे माप आणि त्या दिवसाचे मीटर रीडिंग वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतले.