बेरीज, अर्धा सेकंद आणि तुमचा सूर

मेडली रिलेत चौघं चार प्रकार एकापाठोपाठ पोहतात. चौघांच्या एकट्या वेळांची बेरीज करा आणि दर टेकओव्हरमागे, म्हणजे एकाने भिंत गाठून दुसरा निघताना, अर्धा सेकंद वजा करा, असं मी आधीच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर एका वाचकाने कळवलं:

«अर्ध्या सेकंदाचा हा फायदा कुठून आणलात? घड्याळ सगळ्यांना सारखंच. चार वेळांची बेरीज केली की झालं. तक्त्यात बटरफ्लायही ब्रेस्टस्ट्रोकच्या आधी लावलंय. पोरांना खोट्या आशा लावू नका, आणि लिहिण्याआधी एकदा तलावात उतरून बघा.»

क्रमाची चूक माझीच. वैयक्तिक मेडलीत बटरफ्लाय पहिलं, रिलेत मात्र बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक, बटरफ्लाय, फ्रीस्टाइल. तक्ता दुरुस्त केला आहे. बेरजेला त्याने काही फरक पडत नाही.

पण “तलावात उतरून बघा” हे मला लागलं. बारा वर्षं मी बॅकस्ट्रोक पोहलो, पणजीत कांपालच्या तलावावर पहाटे पोरांना घेऊन उभा राहतो. असं बोलण्याआधी निदान विचारायचं तरी.

एकटं पोहताना सूर मारायच्या ब्लॉकवर स्तब्ध राहावं लागतं. बीप वाजल्यापासून पाय सुटेपर्यंत साधारण ०.६५ ते ०.७५ सेकंद जातात, आणि ते पोहणाऱ्याच्या वेळेत धरले जातात. रिलेत समोरचा येताना दिसत असतो. हात फिरवून, अंग पुढे झोकून तयार राहता येतं. त्याचा हात भिंतीला लागेपर्यंत पाय ब्लॉकवर असले म्हणजे पुरे. म्हणून चांगल्या टेकओव्हरला ०.२ ते ०.३ सेकंदच जातात. घड्याळ सारखंच, पण पोहणारा आधीच हललेला असतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली अमेरिकेच्या केलेब ड्रेसेलने १०० मीटर बटरफ्लाय ४९.४५ मध्ये जिंकलं, दुसऱ्याच दिवशी रिलेत तेच अंतर ४९.०३ मध्ये कापलं.

आता आमच्या मुलांचा हिशेब. बॅकस्ट्रोक १:०८.४०, ब्रेस्टस्ट्रोक १:१६.९०, बटरफ्लाय १:०५.२०, फ्रीस्टाइल ५८.७०. बेरीज ४:२९.२०. बॅकस्ट्रोकवाला पाण्यातून, बीपवरच निघतो; त्याला काहीच सूट नाही. म्हणजे चार नव्हे, तीनच टेकओव्हर. तिघांचे दीड सेकंद वजा केले की ४:२७.७०. मी हेच लिहिलं होतं, आणि त्यावर ठाम आहे.

अर्धा सेकंद फुकट मिळत नाही, हे मूळ लेखातही आहे. भीतीने ०.५ सेकंद ब्लॉकवर थांबणाऱ्याचे जेमतेम पाव सेकंद वाचतात. तिघेही तसेच निघाले तर ४:२८.४५. उलट ब्रेस्टस्ट्रोकवाला शेवटच्या स्ट्रोकनंतर भिंतीपाशी लांबलचक ग्लाइड घेऊ लागला की पुढच्याचा अंदाज चुकतो आणि पाय आधी सुटतात. तसं झालं की अख्खा संघ बाद. माझ्या एका शर्यतीत हेच झालं होतं, त्यामुळे आशा लावण्याबद्दल मला शिकवू नका.

तुमच्या संघाचा आकडा हवा असेल तर ब्लॉकच्या बाजूला उभे राहून व्हिडिओ घ्या. हात टेकल्यापासून पाय सुटेपर्यंतचा वेळ मोजा आणि त्याच पोराच्या एकट्या सुरुवातीच्या वेळेतून वजा करा. तिघांचे तीन आकडे वेगळे येतील. तेच धरा, माझा अर्धा सेकंद सोडून द्या.